युनियन भिंतीत गाडू नका, प्लीज!

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून निघताना तुमच्या डोक्यात काय असतं? मल्टिप्लेक्स, पिझ्झा आणि रविवारी दुपारपर्यंत ताणून द्यायची झोप. बरोबर ना? माझाही प्लॅन काही वेगळा नव्हता. तेवढ्यात इंदापूरहून आत्याचा फोन आला.

"अगं, भिंत पुन्हा ओली झालीय."

यातला 'पुन्हा' महत्त्वाचा! तीनच आठवड्यांपूर्वी तिच्या वरच्या मजल्यावरच्या बाथरूमची भिंत फोडून पाइप दुरुस्त करून घेतला होता. भिंत बंद झाली, टाइल्स लागल्या, मिस्त्री पैसे घेऊन गेला आणि आता पुन्हा तोच ओला नकाशा. वरच्या मजल्याचा व्हॉल्व बंद. म्हणजे आत्या दुखऱ्या गुडघ्यानं खालून वर बादल्या वाहतेय. त्यात टाइल्सचं वेगळंच टेन्शन. आतोबांनी १९८६ साली घर बांधलं, तेव्हा या फिकट हिरव्या टाइल्स स्वतः निवडून आणल्या होत्या. तसल्या टाइल्स आता शोधूनही मिळत नाहीत. माळ्यावर चार शिल्लक होत्या, त्या मागच्या फोडाफोडीत संपल्या.

थोडक्यात काय, तर भिंत फोडायचा आमच्याकडे आता एकच चान्स होता. आणि तोही टाइल न तोडता!

आधी खात्री, मग छिन्नी

शुक्रवारी रात्री मी बारामतीला घरी. बाबांच्या ओळखीचे एक प्लंबरमामा आहेत, पन्नाशी ओलांडलेले, कमी बोलणारे. त्यांनी गाडीत बसण्याआधी आत्याला फोन करून एक काम सांगितलं. "ताई, रात्री वरचे सगळे नळ बंद ठेवा, व्हॉल्व उघडा, आणि टाकीत पाणी कुठवर आहे तिथं खडूनं खूण करा. टाकीत वरून पाणी येऊ देऊ नका. सकाळी बघा."

सकाळी पाणी खुणेच्या चार बोटं खाली गेलेलं. नळ सगळे बंद आणि तरी टाकी उतरतेय, याचा अर्थ गळती पाण्याच्या लाइनला आहे. टाकी जशीच्या तशी राहिली असती आणि भिंत फक्त आंघोळीनंतर ओली होत असती, तर दोष सांडपाण्याच्या पाइपचा किंवा टाइल्सच्या फटींचा निघाला असता. मग आम्ही चुकीच्या गोष्टीसाठी भिंत फोडली असती. खडूचा एक तुकडा आणि एक रात्र, एवढंच लागतं बॉस!

माझ्याकडून एक शहाणपणा मागच्या वेळी चुकून झाला होता. भिंत उघडी असताना मी मोबाइलवर फोटो काढले होते, शेजारी मेजरिंग टेप धरून. मामांनी ते फोटो दहा मिनिटं पाहिले आणि म्हणाले, "युनियन गाडलीय. तीच असणार."

युनियन का लागते, आणि का गळते

आता थोडा फंडा समजून घेऊ. आत्याच्या घरात जुनी जीआयची, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपची लाइन आहे. भिंतीत खाली पाऊण इंची आडवी लाइन, तिच्यावर एक टी, टीमधून अर्ध्या इंचाचा पाइप सरळ वर जातो आणि नळाच्या उंचीवर एल्बोत बसतो. पाइपच्या दोन्ही टोकांना आटे. गंज लागून त्याला मधोमध टाचणीएवढं भोक पडलं होतं.

मग पाइप फिरवून काढायचा आणि नवा बसवायचा, सिंपल! नाही ना... पाइप एका बाजूनं सोडवायला फिरवला की दुसऱ्या बाजूनं तो आवळला जातो. कारण आटे दोन्हीकडे एकाच जातीचे, पण टोकं एकमेकांच्या उलट. म्हणून जुना पाइप मधून कापून दोन तुकडे वेगवेगळे काढावे लागतात. आणि नवा बसवताना पाइप न फिरवता जोडता येईल असं काहीतरी मध्ये लागतं. तेच युनियन. तिचे तीन भाग असतात. एक तोंड खालच्या तुकड्यावर, एक वरच्या तुकड्यावर, आणि दोघांना आवळणारं मोठं नट. फिरतं ते फक्त नट, पाइप जागचा हलत नाही.

म्हणजे मागच्या मिस्त्रीनं युनियन वापरली ती चूक नव्हतीच. चूक झाली जागेची. युनियनमध्ये पाणी अडतं ते दोन तोंडं एकमेकांवर नीट बसल्यामुळे. दोन्ही तुकडे एका सरळ रेषेत नसतील, तर नट कितीही आवळा, एका बाजूला सूतभर फट राहतेच. आमच्या फोटोत वरचा तुकडा किंचित तिरका दिसत होता. शिवाय झिरी, म्हणजे भिंतीत पाइपसाठी पाडलेली खाच, जेमतेम तीन इंच रुंद. युनियनचं नटच पावणेदोन इंचाचं. दोन्ही बाजूंना पाऊण इंचसुद्धा उरत नाही. तिथं पान्याचा जबडा कसाबसा शिरतो, पण फिरायला वाव नाही. त्यातून युनियनला दोन पाने लागतात. एकानं खालचं तोंड धरायचं, दुसऱ्यानं नट आवळायचं. एकच पाना चालवला की आवळण्याचा सगळा जोर खालच्या टीवर जातो.

त्या दिवशी पाणी सोडल्यावर ती गळली नसेलही. पण पाण्याचा दाब दिवसभर कमी-जास्त होतो, जोड थोडा थोडा हलतो आणि थेंब सुरू होतो. युनियन उघडी असती, तर दोन मिनिटांत नट पाव फेरा आवळून काम झालं असतं. ती होती टाइलमागे, सिमेंटमध्ये.

मामांचा नियम साधा आहे. ज्या जोडाला पुन्हा हात लावावा लागेल, तो हाताला लागेल अशाच जागी ठेवायचा. भिंत कायमची बंद करायची असेल, तर आत फक्त असे जोड, ज्यांत सैल होण्यासारखं काही नाही.

मग कपलिंग का नको?

मी विचारलंच. आता सगळीकडे सीपीव्हीसी वापरतात, म्हणजे तो फिकट पिवळसर प्लास्टिकचा पाइप. आपल्याकडे तो १९९० च्या दशकाच्या अखेरीस आला. त्याला आटे नाहीत, सोल्युशन लावलं की पाइप आणि कपलिंग एकजीव होतात. ना वॉशर, ना नट. गाडायला एकदम बेस्ट!

"बेस्ट आहे," मामा म्हणाले, "पण पाइप कपलिंगमध्ये शिरणार कसा?"

इथंच खरी मेख आहे. पाऊण इंची सीपीव्हीसी पाइप प्रत्येक फिटिंगमध्ये सुमारे १८ मिलिमीटर आत जातो. कपलिंगनं दोन पाइप जोडायचे, तर कुणीतरी एकानं १८ मिलिमीटर मागे सरून पुन्हा पुढे यायला हवं. एक टोक मोकळं असेल, तर काहीच प्रॉब्लेम नाही. पण आमच्याकडे खाली टी पक्की, वर एल्बो पक्का. दोघंही विटांत घट्ट. लांबच लांब पाइप उघडा असता, तर तो धनुष्यासारखा वाकवून कपलिंगमध्ये सोडता आला असता. त्यासाठी भिंत आणखी वर-खाली फोडावी लागली असती.

काही जण कपलिंगच्या आतला मधला कठडा कानशीनं घासून टाकतात. मग कपलिंग एका पाइपवर पूर्ण सरकवायचं आणि जोडाच्या जागी परत ओढायचं. ऐकायला कूल वाटतं. पण कपलिंगचं तोंड थोडं मोठं आणि आत ते निमुळतं होत गेलेलं असतं. त्या निमुळतेपणामुळेच पाइप घट्ट चिकटतो. घासलं की पकड गेली, आणि ओढाओढीत सोल्युशनही पुसलं जातं. जो जोड पुन्हा दिसणार नाही, तिथं हा जुगाड नको.

म्हणजे पेच असा, की गाडायला कपलिंग चांगलं, पण ते बसत नाही. बसते ती युनियन, पण ती गाडायची नाही.

मामांनी फोटो पुन्हा पाहिला. "या भिंतीच्या पलीकडं काय आहे?"

पलीकडे आत्याची कोठीची खोली. तिकडे टाइल नाही, साधा गिलावा आणि चुना. भिंत अर्ध्या विटेची, म्हणजे साडेचार इंचांची. "मग टाइलला हातच लावायचा नाही. मागून यायचं, आणि युनियनला छोटं दार करायचं." मी अक्षरशः टाळी वाजवली.

अर्धा इंच म्हणजे नक्की किती?

सामान बारामतीतच घ्यायचं ठरलं. हार्डवेअरच्या दुकानात मी कॉन्फिडन्सनं म्हटलं, "अर्ध्या इंचाचा पाइप द्या." काउंटरवरचा मुलगा शांतपणे म्हणाला, "शेताचा का घराचा? घराचा असेल तर कुठला?"

हसू नका, प्रश्न अगदी बरोबर होता. आमच्या भागात ऊस आणि ठिबकमुळे पाइपची निम्मी दुकानं शेतीवर चालतात. शेतीचा पीव्हीसी पाइप मिलिमीटरमध्ये, आणि तोही बाहेरच्या व्यासानं मोजला जातो. २०, २५, ६३, ७५ असा. त्यातल्या २० च्या पाइपला कुणी कुणी सर्रास 'अर्धा इंच' म्हणतं. जीआयच्या अर्ध्या इंची पाइपची बाहेरची जाडी मात्र सुमारे २१.३ मिलिमीटर. आणि सीपीव्हीसीचा अर्धा इंच फक्त १५.९! तीन पाइप, नाव एकच, आणि एकाचं फिटिंग दुसऱ्याला बसत नाही. 'जरा सोल्युशन जास्त लावा' म्हणून बसवलेले जोड पुढे गळतात ते यामुळे. म्हणून दुकानात जाताना जुन्या पाइपचा तुकडा घेऊन जा. तो नसेल, तर निदान त्याची बाहेरची जाडी आणि तो कशाचा आहे हे लिहून न्या.

या नावांच्या घोळात आम्हाला एक फायदाही सापडला. अर्ध्या इंची जीआयच्या जागी अर्धा इंची सीपीव्हीसी टाकला, तर पाणी जायची आतली वाट सुमारे १६ मिलिमीटरवरून साडेबारापर्यंत येते. क्षेत्रफळाच्या हिशेबात चाळीस टक्के कमी! शॉवरची धार गेलीच म्हणून समजा. पण पाऊण इंची सीपीव्हीसीची बाहेरची जाडी २२.२ मिलिमीटर, म्हणजे जुन्या जीआयच्या जवळपास तेवढीच. तो त्याच झिरीत बसतो आणि आतून मिळतात सुमारे १८ मिलिमीटर. जागा तीच, वाट मोठी. सॉलिड ना?

आता आला रिड्यूसर. पाइप पाऊण, पण टी आणि एल्बोचे आटे अर्ध्या इंचाचे. त्यासाठी 'पाऊण बाय अर्धा' पितळी आट्यांचे दोन अॅडॉप्टर घेतले. एका बाजूला सीपीव्हीसी चिकटतो, दुसऱ्या बाजूचे पितळी आटे जुन्या लोखंडी फिटिंगमध्ये जातात. एकाच तुकड्यात मटेरियलही बदलतं आणि साइजही. मी विचारलं, "पण दोन्हीकडं वाट अरुंद होतेच की?" मामा म्हणाले, "गळा अरुंद असला तर चालतंय, नरडं लांब नको." म्हणजे इंचभराच्या अरुंद जागेत दाब फारसा जात नाही, तो जातो लांबलचक बारीक पाइपमध्ये. म्हणून रिड्यूसर शक्यतो शेवटी, नळाजवळ. सुरुवातीलाच लावला, की पुढची सगळी लाइन बारीक होते.

दुकानदारानं स्वस्तातला पर्याय दाखवला होता. साधं पाऊण इंची अॅडॉप्टर, त्यावर रिड्यूसर बुश, त्यावर निपल. प्रत्येक तुकडा लांबी खातो आणि प्रत्येक जोड गळायची एक नवी जागा. अडचणीच्या भिंतीत जितके जोड कमी, तितकी झोप चांगली. आणखी एक. पितळी आटे बाहेरून असलेलाच अॅडॉप्टर घ्या. आतून प्लास्टिकचे आटे असलेला लोखंडी पाइपवर आवळला, की तो आज ना उद्या तडकतो.

कोठीतली शनिवार दुपार

बारामती ते इंदापूर पन्नासेक किलोमीटर. बारापर्यंत आम्ही पोहोचलो. आत्यानं डबे हलवून कोठी मोकळी करून ठेवली होती. मामांनी टी ते एल्बो एवढीच उभी पट्टी मागून उघडली, हलक्या हातानं, कारण टाइलच्या पाठीमागे जेमतेम इंचभर विटेचा पापुद्रा होता. जुने तुकडे निघाले. त्यांत बोअरच्या पाण्याचे क्षार इतके साचलेले, की बॉलपेनसुद्धा आत जाईना.

टी आणि एल्बोचे आटे तारेच्या ब्रशनं साफ केले. इथं एक परीक्षा असते. अॅडॉप्टर नुसत्या हातानं दोन-तीन फेरे सरळ आत गेला पाहिजे. लगेच अडला किंवा डुगडुगला, तर आटे खाल्ले गेलेत, आणि मग ते फिटिंगच बदलावं लागतं. आमचे आटे शाबूत होते. पितळी आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली. सुतळी आणि सफेदा मामांनी मुद्दाम टाळला, कारण तेलकट लेप सीपीव्हीसीला मानवतातच असं नाही. पाना धरला तो पितळेच्या षटकोनावर, प्लास्टिकवर नाही.

मग माप. इथं मी शहाणपणा करून खालच्या अॅडॉप्टरच्या तोंडापासून वरच्याच्या तोंडापर्यंत टेप लावली. ६२४ मिलिमीटर. मामांनी मान हलवली. पाइप तोंडापर्यंत नसतो, आतल्या कठड्यापर्यंत जातो. दोन्हीकडचे १८-१८ धरून ६६०. त्यातून युनियनच्या आतल्या दोन कठड्यांमधलं अंतर वजा. आमच्या युनियनचं ते मोजलं तर ३०. उरले ६३०. त्याचे दोन तुकडे केले, खालचा ५३० आणि वरचा १००. माझ्या मापानं कापला असता, तर पाइप अपुरा आत गेला असता. जोड वरून छान दिसतो आणि महिन्यानं सुटतो. हे ओळखायची युक्ती सोपी आहे. पाइपच्या टोकापासून १८ मिलिमीटरवर पेन्सिलची रेघ मारा. चिकटवल्यावर रेघ फिटिंगच्या तोंडाला टेकली पाहिजे. बाहेर दिसली, तर पाइप पूर्ण बसलेला नाही.

युनियनची दोन तोंडं आधी जमिनीवरच दोन्ही तुकड्यांना चिकटवली. त्याआधी नट पाइपवर ओवून घेतलं. हे विसरणारे इतके असतात, की मामा दर वेळी मोठ्यानं म्हणतात, "नट, नट, नट!" मग खालचा लांब तुकडा टीकडच्या अॅडॉप्टरमध्ये बसवला, पाव फेरा फिरवून अर्धा मिनिट दाबून धरला. जोडानं पकड घेतल्यावर त्याचं वरचं टोक अलगद आपल्याकडे ओढलं. लांब असल्यानं ते सहज दोन बोटं बाहेर आलं. त्या मोकळ्या जागेतून छोटा तुकडा वरच्या अॅडॉप्टरमध्ये गेला. मग ओढलेलं टोक सोडलं आणि दोन्ही तोंडं समोरासमोर, एका रेषेत! मागच्या वेळी नेमकं हेच जमलं नव्हतं. मध्ये रबरी रिंग नीट बसवून नट हातानं आवळलं आणि वर पान्यानं फक्त पाव फेरा. प्लास्टिकच्या नटावर त्याहून जास्त जोर लावला तर ते चिरतं.

पाणी लगेच सोडायचं नाही. सोल्युशन पुरतं वाळायला चोवीस तास दिले. रविवारी दुपारी व्हॉल्व उघडला, प्रत्येक जोडाभोवती कोरडा टिश्यू पेपर गुंडाळला आणि जेवायला बसलो. पिठलं, भाकरी, ठेचा. तासाभरानं टिश्यू कोरडे. रात्रभर टाकीतली खडूची खूणही हलली नाही. तेव्हाच मामांनी खालचा भाग जाळी लावून गिलाव्यानं बंद केला आणि वर, युनियनसमोर, वीतभराचं पत्र्याचं दार बसवलं.

एक गोष्ट मामांनी जाताना आत्याला स्पष्ट सांगितली. हा एक तुकडा नवा झाला, बाकीची लाइन त्याच वयाची आहे. पुढचं भोक कुठं पडेल, सांगता येत नाही. तेव्हा आडवी लाइन बाहेरून नवीन टाकायचा विचार करून ठेवा.

आत्यानं त्या पत्र्याच्या दारावर लोणच्याच्या बरण्यांची फळी लावायची ठरवली होती. मी कडाडून विरोध केला. आता तिथं फक्त कॅलेंडर लटकतं. महिन्याचं पान उलटताना ती दार उघडते, नटाखालून बोट फिरवते आणि मला फोन करते. "कोरडं आहे गं."

जाता जाता

भिंत बंद करण्याआधी तीन फोटो काढा. एक लांबून, एक जवळून आणि एक टेप धरून. मागे तारखेचा कागद असू द्या. पुढच्या वेळी भिंत कुठं फोडायची, यापेक्षा कुठं फोडायची नाही, हे त्या फोटोंवरूनच कळतं.